फाटा बंद करायचा तो उगमाशी

घराच्या नूतनीकरणात एखादे बेसिन, वॉशिंग मशीनचा नळ किंवा जुन्या गिझरची जोडणी काढून टाकली जाते, तेव्हा तिथपर्यंत पाणी आणणारा पाइप बहुतेक वेळा भिंतीतच राहतो. मुख्य लाइनवर कुठेतरी एक टी असतो आणि त्यातून हा फाटा निघालेला असतो. तो बंद करण्याच्या दोन जागा आहेत. जिथे नळ होता ते टोक ही पहिली आणि जिथून फाटा निघतो तो टी ही दुसरी. पहिल्या जागी काम दहा मिनिटांत उरकते आणि टाइल फोडावी लागत नाही, म्हणून प्लंबर आणि घरमालक दोघेही तीच पसंत करतात. मात्र तसे केल्यावर टीपासून त्या टोकापर्यंतचा पाइप पाण्याने भरलेला, दाबाखाली आणि कोणाच्याही नजरेआड राहतो. फाट्याचा उपयोग संपलेला असतो, त्याचे धोके मात्र तसेच राहतात.

पहिला धोका शिळ्या पाण्याचा. पाणी शिरते पण बाहेर पडायला वाट नाही, अशा पाइपच्या तुकड्याला इंजिनियर ‘डेड लेग’ म्हणतात. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून थोडा क्लोरीन शिल्लक ठेवलेला असतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असे म्हटले आहे. वाहत्या लाइनमध्ये तो सतत नव्याने येत राहतो. थांबलेल्या पाण्यात मात्र काही दिवसांतच संपतो आणि पाइपच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरू लागतो. जीआय पाइप असेल तर त्यात गंजाची भर पडते.

फाटा बंद आहे, मग आतले पाणी आतच राहील, असे वाटणे साहजिक आहे, पण तसे होत नाही. टोकाला अडकलेली थोडी हवा लाइनमधला दाब वाढला की दबते आणि कमी झाला की फुगते. बाथरूममधला नळ जोरात उघडला की दाब क्षणभर उतरतो, ती हवा फुगते आणि फाट्यातले थोडे पाणी मुख्य लाइनमध्ये ढकलते. नळ बंद केला की तितकेच ताजे पाणी आत ओढले जाते. फाटा असा श्वास घेत राहतो. नळ उघडताच पहिला ओंजळभर पाण्याचा झोत तांबूस यावा आणि मग पाणी स्वच्छ व्हावे, यामागे कधी कधी असा विसरलेला फाटा असतो.

गरम पाण्याच्या लाइनवरचा फाटा जास्त वाईट. टीपाशी येणारे पाणी गरम असते, त्याची ऊब फाट्यात उतरते, पण वाहते पाणी नसल्याने तो पुरता तापत नाही आणि कोमटच राहतो. लिजिओनेला हा जंतू साधारण २० ते ४५ अंश सेल्सियस तापमानात वाढतो आणि ६० अंशांच्या वर टिकत नाही. १९७६मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अमेरिकन लिजन या संघटनेचे अधिवेशन भरले होते. तिथे न्यूमोनियाची साथ पसरली आणि त्यावरून जंतूला हे नाव मिळाले. तो पाणी पिण्याने नव्हे, तर शॉवरसारख्या तुषारांतून श्वासावाटे शरीरात जातो. घरातल्या थंड पाण्याच्या हातभर फाट्यावरून इतकी धास्ती घेण्याचे कारण नाही. पण गरम पाण्याची लांब लाइन असेल, घरात वृद्ध किंवा फुप्फुसाचे रुग्ण असतील, तर हिशेब बदलतो. ब्रिटनमध्ये इमारतींच्या पाणीव्यवस्थेसाठीचा सरकारी सल्ला असा आहे की डेड लेग काढूनच टाकावेत आणि क्वचित वापरातले नळ आठवड्यातून एकदा सोडून पाइप धुऊन घ्यावेत. टोक बुजवलेल्या फाट्यात तो धुण्याचा मार्गही उरत नाही.

दुसरा धोका गळतीचा, आणि आपल्याकडे घरमालकाच्या खिशाला तोच अधिक लागतो. जुना जीआय पाइप आतून गंजत जाऊन एक दिवस सुईच्या टोकाएवढे भोक पडते. वापरातल्या लाइनची दुरुस्ती कधी तरी होतेच. विसरलेल्या फाट्यावर मात्र तोपर्यंत कपाट बसलेले असते. सेकंदाला एक थेंब, एवढीच गळती धरली आणि थेंब ०.०५ मिलिलिटरचा मानला, तर दिवसाला सव्वाचार लिटर पाणी भिंतीत मुरते. ओल मात्र दिसते दोन खोल्या पलीकडे, किंवा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या छताला.

नेहमी आढळणारे एक उदाहरण घेऊ. तळमजला आणि वर चार मजले अशी १९८०च्या दशकातली इमारत, त्यात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. जेवणाच्या खोलीत हात धुण्याचे बेसिन आहे, ते काढून तिथे भिंतीला लागून कपाट करायचे आहे. पलीकडे बाथरूम आहे आणि तिच्या भिंतीतून २० मिलिमीटरची जीआय लाइन जाते. त्या लाइनवरच्या टीतून १५ मिलिमीटरचा फाटा निघून सुमारे १.८ मीटर अंतर कापत बेसिनपर्यंत येतो. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी या फाट्यापासून अंदाजे १२ मीटर उंच आहे. दहा मीटर उंचीला जवळजवळ एक बार, म्हणजे फाट्यात रात्रंदिवस सुमारे १.२ बार दाब असतो. आत मावणारे पाणी साडेतीनशे मिलिलिटरच्या थोडे वर, म्हणजे जेमतेम दोन पेले. दाब फार नाही, पाणीही फार नाही. पण भोक पडले तर मागे गच्चीवरची अख्खी टाकी उभी आहे.

कामाची सुरुवात टी शोधण्यापासून होते. पाइप बेसिनपासून सरळ आडवा किंवा उभा गेला असेल असे गृहीत धरले जाते, पण जुन्या कामांत अंतर वाचवण्यासाठी तो तिरपाही नेलेला सापडतो. लोखंडी पाइपचा माग धातुशोधक यंत्राने लागतो. ते नसेल तर बेसिनच्या टोकाकडून प्लास्टर थोडे थोडे काढत मागे जायचे. त्याआधी एक तपासणी आवश्यक आहे, ती म्हणजे हा फाटा फक्त बेसिनलाच पाणी देतो का. कधी कधी त्याच फाट्यातून पुढे संडासाच्या फ्लशला किंवा बाल्कनीतल्या नळाला पाणी गेलेले असते. तेव्हा कापण्यापूर्वी घरातला प्रत्येक नळ कोणत्या व्हॉल्व्हवर बंद होतो, हे पाहून घ्यावे. अनेक इमारतींत फ्लशसाठी बोअरच्या पाण्याची लाइन आणि टाकी वेगळी असते. अशा घरात एक व्हॉल्व्ह बंद करून निर्धास्त झालेला प्लंबर दुसऱ्या लाइनच्या पाण्यात भिजतो.

आता टी उघडा पडला आहे. बाथरूमच्या बाजूच्या दोन-तीन टाइल गेल्या, पण बाथरूमचेही नूतनीकरण चालू असेल तर त्या जाणारच होत्या. या कामाची योग्य वेळ हीच, कारण महिनाभराने नव्या टाइल फोडायला कोणीच तयार होत नाही. फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद करून सर्वांत खालचा नळ उघडायचा, लाइन रिकामी होऊ द्यायची आणि मग फाटा टीपासून १०-१५ सेंटीमीटरवर हॅक्सॉने कापायचा. एवढा तुकडा मुद्दाम ठेवायचा, कारण तोच पाइप पान्याने पकडून फिरवून टीतून काढायचा असतो.

इथे दोन पाने लागतात. एक तुकडा फिरवायला आणि दुसरा टी घट्ट धरून ठेवायला. एकाच पान्याने जोर लावला तर तो जोर टीमधून मुख्य लाइनच्या आट्यांवर जातो. चाळीस वर्षे गंजून एकजीव झालेले ते आटे किंचित हलले तरी पुरे. फाटा निघतो, पण शेजारच्या सांध्यातून झिरपा सुरू होतो आणि तो दिसायला आठवडे लागतात. नूतनीकरणानंतर ज्या गळतीचे खापर नव्या कामावर फुटते, तिच्यातली बरीच अशी जुन्या सांध्याला दिलेल्या हिसक्याची असते. तुकडा जागचा हलत नसेल तर आट्यांवर गंज सैल करणारे तेल सोडून तासभर थांबावे, टीवर हातोडीचे हलके टोले द्यावेत आणि पुन्हा प्रयत्न करावा. घाईत पाइप आट्यांतच मोडला तर त्याचे कडे टीत अडकते आणि मग टीच कापावा लागतो.

बाहेर आलेल्या तुकड्याचा कापलेला तोंडवळा जरूर पाहावा. आत गंजाचे खवले साचून भोक निम्मे झाले असेल किंवा पाइपची जाडी जागोजागी कागदासारखी उरली असेल, तर मुख्य लाइनची अवस्थाही तीच असणार. मग फाटा बंद करण्यात शहाणपण नाही. भिंत उघडीच आहे, तेव्हा त्या भागाची लाइनच बदलणे स्वस्त पडते.

पाइप धड असेल तर टीच्या मोकळ्या तोंडात जीआयचाच प्लग बसवायचा. प्लगला बाहेरून आटे असतात आणि तो तोंडाच्या आत जातो, कॅपला आतून आटे असतात आणि ती पाइपवर चढते. इथे पाइपच राहिलेला नाही, म्हणून प्लग. आधी टीतले आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करायचे. टेफ्लॉन टेप प्लगच्या टोकाकडून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची. उलट गुंडाळली तर आत जाताना ती उलगडून बाहेर येते. प्लग हाताने जाईल तितका नेऊन पुढे पान्याने आवळायचा आणि आवळल्यावर चौकोनी डोके सरळ दिसावे म्हणून मागे फिरवायचा नाही. मागे घेतलेल्या आट्यांतून पाणी वाट काढते. पूर्वी इथे सूत आणि सफेदा लावत. सफेद्यात शिसे असे, त्यामुळे पिण्याच्या लाइनवर तो नकोच.

असे केल्यावर मुख्य लाइनच्या कडेला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खोल खळगा तेवढा उरतो आणि वाहते पाणी तो धुऊन नेते. उरलेला तुकडा पाइपच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा लांब नसावा, असा एक ढोबळ नियम सांगितला जातो. १५ मिलिमीटर पाइपला म्हणजे तीन सेंटीमीटर. टी काढून तिथे सरळ पाइप टाकणे हे कागदावर सर्वांत शुद्ध काम, कारण मग खळगाही उरत नाही. पण जीआय लाइनमध्ये दोन्ही बाजूंना एकाच दिशेचे आटे असतात. एक सांधा आवळताना दुसरा सैल होतो, म्हणून मधला तुकडा बदलायला युनियन लागतेच, आणि युनियन भिंतीत पुरणे ही नवी गळती पेरण्यासारखी गोष्ट. एका घट्ट प्लगऐवजी तीन नवे सांधे भिंतीत घालण्यात घराचा काहीच फायदा नाही.

सीपीव्हीसी लाइनवर मात्र गणित वेगळे आहे. तिथे फाटा सोल्युशनने चिकटलेला असतो, तो फिरवून निघत नाही. जागा असेल तर टी कापून काढावा आणि दोन कपलर व मधला तुकडा घालून लाइन सरळ करावी. त्यासाठी पाइप थोडा वाकवून कपलर चढवावा लागतो, म्हणून दोन्ही बाजूंना हातभर झरी, म्हणजे भिंतीतली पाइपची खाच, मोकळी करावी लागते. ते जमत नसेल तर फाटा टीच्या तोंडापाशी कापून त्यावर एंड कॅप चिकटवतात. १५ मिलिमीटरच्या फिटिंगमध्ये पाइप सुमारे १३ मिलिमीटर आत जातो. टीत तेवढा, कॅपमध्ये तेवढा आणि मध्ये दोन-चार मिलिमीटर, असा तीन सेंटीमीटरचा ठेंगणा तुकडा उरतो. त्याहून आखूड करताच येत नाही आणि लांब ठेवण्याचे कारण नाही.

सीपीव्हीसीच्या सांध्याचा शत्रू ओलावा. जुना व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर कापलेल्या तोंडातून थेंब थेंब पाणी येत राहते. त्या ओल्या पाइपवर सोल्युशन लावून कॅप दाबली तर ती वरून घट्ट वाटते, पण आत धड चिकटलेली नसते. अशा वेळी आधी व्हॉल्व्ह बदलावा किंवा गच्चीवरून लाइन बंद करावी. पाइप कोरडा पुसून, कापलेल्या कडेची कुसळे काढून, पाइपला आणि कॅपला दोन्हीकडे सोल्युशन लावून, पाव फेरा देत कॅप बसवायची आणि अर्धा मिनिट दाबून धरायची, नाहीतर ती स्वतःहून थोडी मागे सरकते. दाब देण्याआधी किती थांबायचे ते सोल्युशनच्या डब्यावर लिहिलेले असते. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबता आले तर उत्तम.

आता एका लहानशा वस्तूकडे पाहू, जिने बरीच घरे ओली केली आहेत. नव्या लाइनच्या तोंडांना टेस्टिंगच्या वेळी प्लास्टिकचे लाल किंवा निळे डमी प्लग लावतात. प्रत्येकाला एक रबरी वॉशर असतो. टाइल लागून नळ बसेपर्यंत तोंड बंद राहावे, एवढाच त्यांचा उपयोग. बेत बदलून एखादा नळ रद्द झाला की तोच डमी तसाच ठेवून त्यावर टाइल लावली जाते. काही वर्षांत रबर कडक होते, गरम पाण्याच्या लाइनवर त्याहून लवकर, आणि वॉशरशेजारून पाणी झिरपू लागते. डमी भिंतीत पुरायची वस्तू नव्हे. अँगल कॉक बंद करून त्यावर प्लास्टर करणे हाही तसलाच प्रकार. कॉकच्या दांड्याभोवतीचे पॅकिंग कधी तरी झिजणारच.

बेसिनचा सांडपाण्याचा पाइपही विसरता येत नाही. तो बहुधा बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असतो. फक्त वरचे टोक बुजवले तर ट्रॅप तुंबल्यावर पाणी त्या मोकळ्या पाइपमध्ये उलटे चढते आणि जेवणाच्या खोलीच्या फरशीखाली साचते. म्हणून तोही ट्रॅपच्या तोंडाशीच कॅप करावा.

सगळे बंद झाल्यावर, भिंत उघडी असतानाच, दाबाची तपासणी करायची. हातपंपाने लाइनमधला दाब वाढवून गेजवर नजर ठेवायची. नव्या सीपीव्हीसी लाइनला सहा-सात बार देण्याची प्लंबरची सवय असते, पण जुनी जीआय लाइन जोडलेली असताना तेवढा दाब देणे म्हणजे धडधाकट नसलेल्या सांध्यांना ओढून फोडणे. या उदाहरणात रोजचा दाब १.२ बार आहे, तेव्हा दोन-अडीच बार पुरेत. गेजही चार-पाच बारपर्यंतचा घ्यावा. पंचवीस-तीस बारच्या गेजवर काटा केसभर हलतो आणि उतरलेला दाब दिसतच नाही. आधी नळ सोडून लाइनमधली हवा काढायची, कारण हवा राहिली तर थोडी गळती तिच्या फुगण्याने झाकली जाते.

तासाभरात काटा उतरला तर कुठे उतरून थांबतो हे बोलके असते. तो १.२ बारपाशी येऊन स्थिर झाला तर बहुधा फ्लॅटचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि दाब गच्चीच्या लाइनकडे निसटतो आहे. त्याच्याही खाली गेला तर पाणी घरातच कुठेतरी बाहेर पडते आहे, फ्लशच्या टाकीतून किंवा सांध्यातून. गेजवर न दिसणाऱ्या झिरप्यासाठी सर्वांत चांगले साधन टिश्यू पेपर. प्लग आणि टीचे तिन्ही सांधे कोरडे पुसून प्रत्येकाभोवती टिश्यू गुंडाळायचा आणि रात्रभर लाइन नेहमीच्या दाबाखाली ठेवायची. सकाळी टिश्यूवर ओला ठिपका आहे का ते पाहायचे. बोटाला कोरडा लागणारा सांधाही टिश्यूवर ठिपका उमटवतो. पावसाळ्यात थंड पाइपवर बाहेरची वाफ जमून सगळाच टिश्यू ओलसर होऊ शकतो. गळतीचा ठिपका मात्र एका बाजूने सुरू होतो आणि पसरतो.

कधी कधी टीपर्यंत पोहोचताच येत नाही. तो खांबाला लागून असतो, शेजारच्या फ्लॅटच्या भिंतीत असतो किंवा नुकत्याच लावलेल्या महागड्या टाइलमागे असतो. अशा वेळी फाट्याचे टोक न बुजवता चालू ठेवणे अधिक बरे. बेसिनच्या जागी कपाटाच्या आत एक लहान नळ ठेवून तो आठवड्यातून एकदा बादलीत सोडला तर पाणी शिळे राहत नाही आणि सांधा डोळ्यांसमोर राहतो. पाइप भिंतीत तसाच असल्याने पुढे गंजून भोक पडण्याची भीती उरतेच, एवढे समजून ही तडजोड करायची.

टिश्यू कोरडा निघाला की जीआय प्लगवर आणि उघड्या पडलेल्या आट्यांवर बिटुमेनचा रंग किंवा गंजरोधक पट्टी लावायची आणि खाच सिमेंटच्या मालाने भरायची. लवकर सुकते म्हणून पीओपीने खाच बुजवण्याची पद्धत आहे, पण ओल मिळाली की पीओपी जस्ताचा थर खाते आणि लोखंडाला गंज चढवते. खाच भरण्याआधी भिंतीचा एक फोटो काढायचा, तोही मोजपट्टी लावून, म्हणजे टी जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते त्यात वाचता येईल. पुढच्या वेळी त्या भिंतीत कपाटासाठी ड्रिल मारणाऱ्याला तो फोटो लागेल. शेवटी सगळ्या नळांच्या जाळ्या काढून पाणी पाच-दहा मिनिटे सोडायचे. कामात सुटलेला गंज आणि सिमेंटची कचकच त्यातून निघून जाते, मग जाळ्या परत बसवायच्या.